स्पर्धा गुणांक वाचायचे कसे: गाउझेच्या यीस्टवरून सहअस्तित्वाच्या अटीपर्यंत

‘दोन्ही स्पर्धा गुणांक एकापेक्षा कमी आहेत, म्हणून दोन्ही जाती एकत्र नांदतील.’ परिस्थितिकीच्या सैद्धांतिक निबंधांत हे वाक्य वारंवार भेटते. ते कधी बरोबर निघते, कधी साफ चूक, आणि दोन्ही वेळा लिहिणाऱ्याला त्याचे कारण सांगता येत नाही. स्पर्धा गुणांक म्हणजे एका जातीचा दुसरीच्या वाढीवर पडणारा दाब सांगणारा आकडा, पण तो एकटा काही बोलत नाही. तो कोणाच्या मापात मोजला आहे आणि कशाशी ताडायचा आहे, हे ठरल्यावरच त्याला अर्थ येतो. हा लेख निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण एकच, पण शेवटपर्यंत सोडवलेले: मॉस्कोत जीवशास्त्रज्ञ ग्योर्गी गाउझे यांनी दोन यीस्टवर केलेले आणि 1932 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की त्याचे आकडे अगदी काठावर उभे आहेत, आणि गुणांकांचा अर्थ काठावर जितका स्पष्ट दिसतो तितका मधोमध दिसत नाही.

पहिली पायरी: समीकरण लिहा आणि प्रत्येक चिन्ह शब्दांत सांगा

लोटका आणि व्होल्तेरा यांचे स्पर्धेचे समीकरण असे:

```
dN1/dt = r1 N1 (K1 − N1 − α12 N2) / K1
dN2/dt = r2 N2 (K2 − N2 − α21 N1) / K2
```

N म्हणजे जातीची संख्या किंवा घनता, r म्हणजे गर्दी नसतानाचा वाढीचा दर, K म्हणजे ती जाती एकटी असताना जिथे थांबते ती धारणक्षमता. α12 मधला पहिला अंक ज्याला त्रास होतो त्याचा, दुसरा जो त्रास देतो त्याचा. म्हणजे α12 हा जाती 2 चा जाती 1 वर होणारा परिणाम. निबंधात हे एकदा स्पष्ट लिहून टाका, कारण हा क्रम उलटा वाचला की पुढचा सगळा निष्कर्ष उलटा होतो आणि चूक कुठे झाली ते सापडतही नाही. गाउझे यांनी स्वतः α आणि β अशी अक्षरे वापरली होती. त्यांचा α म्हणजे आपला α12 आणि β म्हणजे α21.

आता गुणांकाचे वाचन. α12 = 3.15 याचा अर्थ ‘जाती 2 तिप्पट बलवान आहे’ असा नाही. अर्थ असा: जाती 1 च्या वाढीवर जाती 2 च्या एका एककाचा जितका दाब पडतो, तितकाच दाब जाती 1 च्या स्वतःच्या 3.15 एककांचा पडतो. हा विनिमयदर आहे. दुसऱ्याची संख्या स्वतःच्या संख्येत बदलून मोजण्याचा. म्हणून α12 ची तुलना नेहमी 1 शी, म्हणजे स्वजातीयांच्या दाबाशी होते, पण ती फक्त जाती 1 च्या हिशेबात. α12 आणि α21 हे दोन वेगवेगळ्या मापांतले आकडे आहेत. ते शेजारीशेजारी ठेवून ‘α12 मोठा, म्हणून जाती 2 जिंकेल’ असे म्हणता येत नाही. जाती 2 चा देह मोठा असेल, तर तिच्या एकेका जिवाचा दाब आपोआपच जास्त भरतो, पण तिची K ही तितकीच लहान असू शकते.

दुसरी पायरी: शिरकावाची कसोटी

चार शक्यतांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न दोनदा विचारा. जाती 2 आपल्या K2 वर स्थिरावली आहे आणि जाती 1 चे मोजके जीव तिथे येऊन पडले, तर त्यांची संख्या वाढेल का? समीकरणात N1 जवळजवळ शून्य आणि N2 = K2 घाला. कंसात उरते K1 − α12 K2. हे धन असेल तर जाती 1 शिरकाव करू शकते. मग भूमिका बदला: जाती 1 आपल्या K1 वर असताना जाती 2 चा शिरकाव होण्यासाठी K2 हा α21 K1 पेक्षा मोठा हवा.

दोन्ही प्रश्नांना ‘हो’ आले तर स्थिर सहअस्तित्व. एकालाच ‘हो’ आले तर ती जाती दुसरीला हटवते. हेच स्पर्धात्मक वर्जन. दोन्हींना ‘नाही’ आले तर जी आधी बळावते ती टिकते, म्हणजे निकाल सुरुवातीच्या संख्यांवर ठरतो. या तिसऱ्या शक्यतेला निबंधांत क्वचितच जागा मिळते, आणि नेमकी तीच पुढे आपल्या उदाहरणात दारात उभी आहे.

या कसोटीत r कुठेच नाही, हे लक्षात घ्या आणि लिहा. झपाट्याने वाढणारी जाती जिंकते, ही समजूत या प्रतिमानात टिकत नाही. r वरून फक्त किती लवकर हे कळते. अपवाद दोन्ही ‘नाही’ असलेल्या तिसऱ्या शक्यतेचा: तिथे कोण आधी बळावते यावर r चाही प्रभाव पडतो.

‘एकापेक्षा कमी’ हा सापळा

सुरुवातीच्या वाक्याकडे परत जाऊ. K1 = 100, K2 = 40 आणि दोन्ही गुणांक 0.5 धरा. जाती 1 साठी 100 विरुद्ध 0.5 × 40 = 20, शिरकाव होतो. जाती 2 साठी 40 विरुद्ध 0.5 × 100 = 50, शिरकाव होत नाही. दोन्ही गुणांक एकाहून कमी असूनही जाती 2 नाहीशी होते.

उलट बाजू पाहा. K1 = 100, K2 = 50, α12 = 1.5, α21 = 0.3. जाती 1 साठी 100 विरुद्ध 75, जाती 2 साठी 50 विरुद्ध 30. दोघींचाही शिरकाव होतो. एक गुणांक एकाहून मोठा असूनही दोघी टिकतात, साधारण 45 आणि 36 या संख्यांवर. ताळा करून पाहा: 45.45 + 1.5 × 36.36 = 100.

म्हणजे ‘दोन्ही एकापेक्षा कमी’ ही अट K1 आणि K2 समान असतील तेवढ्यापुरतीच खरी आहे. सर्वसाधारण अट अशी लिहितात:

```
α12 < K1/K2   आणि   α21 < K2/K1
```

या दोन असमानता एकमेकींना गुणल्या तर K गळून पडतात आणि α12 × α21 < 1 उरते. गुणाकार एकाहून कमी असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात गुणाकार 0.25 होता, तरी सहअस्तित्व नव्हते. आवश्यक आणि पुरेशी यांतला हा फरक निबंधात जागच्या जागी सांगितला, तर वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची पकड लगेच कळते.

तिसरी पायरी: गाउझेचे आकडे

गाउझे यांनी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावासाठी आणि मद्यासाठी वापरतात ते यीस्ट, आणि शायझोसॅकरोमायसिस केफिर ही दोन यीस्ट वेगवेगळी आणि एकत्र वाढवली. ऑक्सिजन नसलेल्या नळ्यांमधले त्यांचे आकडे असे: सॅकरोमायसिससाठी K1 = 13.0, शायझोसॅकरोमायसिससाठी K2 = 5.8, दोन्ही यीस्टच्या आकारमानाच्या एककांत. α12 = 3.15 आणि α21 = 0.439.

कसोटी लावू. सॅकरोमायसिसचा शिरकाव: 13.0 विरुद्ध 3.15 × 5.8 = 18.27. होत नाही, आणि फरक मोठा आहे. शायझोसॅकरोमायसिसचा शिरकाव: 5.8 विरुद्ध 0.439 × 13.0 = 5.71. होतो, पण जेमतेम. समीकरणाचा निकाल असा की K अवघी 5.8 असलेले, सावकाश वाढणारे शायझोसॅकरोमायसिस अखेरीस जिंकेल.

इथे बहुतेक निबंध थांबतात. पण 5.8 आणि 5.71 यांत दीड टक्क्याचा फरक आहे. α21 हा 0.439 ऐवजी 0.45 असता तर उजवी बाजू 5.85 झाली असती, दुसऱ्या प्रश्नाचा ‘हो’ही ‘नाही’ झाला असता आणि आपण ‘जो आधी बळावेल तो टिकेल’ या प्रदेशात शिरलो असतो. गुणांक काढतात ते एकत्र वाढीच्या वक्रावरून. समीकरण α साठी उलटे मांडायचे, आणि त्यात त्या क्षणाचा dN/dt घालायचा. वक्राचा चढ मोजताना होणारी चूक थेट α मध्ये उतरते. त्यामुळे या आकड्यांवरून ‘शायझोसॅकरोमायसिस जिंकेल’ असे ठाम लिहिणे धाडसाचे आहे. ठामपणे म्हणता येते ते वेगळेच: 3.15 × 0.439 = 1.38. गुणाकार एकाहून बराच मोठा आहे, त्यामुळे मोजमापात थोडी चूक धरली तरी स्थिर सहअस्तित्व संभवत नाही. कोण जिंकेल हे डळमळीत, पण दोघे टिकणार नाहीत हे भक्कम. निष्कर्षाचा कोणता भाग किती वजन पेलतो, हे असे वेगळे काढून दाखवा.

गुणांक येतात कुठून: अल्कोहोलची गोष्ट

माझ्या मते गाउझेच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग इथे आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा गाळला जातो. त्यांनी α नुसता वक्रावरून काढून सोडून दिला नाही, त्यामागचे कारण शोधले. या नळ्यांत वाढ थांबते ती साखर संपून नव्हे, तर साठलेल्या अल्कोहोलमुळे. मग दर एकक यीस्टमागे किती अल्कोहोल तयार होते ते त्यांनी मोजले: सॅकरोमायसिससाठी 0.113 टक्के, शायझोसॅकरोमायसिससाठी 0.247 टक्के. स्पर्धेचे एकमेव साधन अल्कोहोल असेल, तर शायझोसॅकरोमायसिसचे एक एकक सॅकरोमायसिसच्या 0.247 / 0.113 = 2.19 एककांइतका दाब टाकणार. उलट दिशेने 0.113 / 0.247 = 0.46.

आता या दोन आकड्यांचा गुणाकार करा. तो नेमका 1 येतो, आणि तो योगायोग नाही. दोन्ही जाती एकाच घटकाने रोखल्या जात असतील, तर एक गुणांक दुसऱ्याचा व्यस्त असणारच, आणि व्यस्तांचा गुणाकार 1. सहअस्तित्वाला एकाहून कमी गुणाकार हवा. म्हणून एकाच घटकाने मर्यादित असलेल्या दोन जातींना कायमचे एकत्र राहायला या प्रतिमानात जागाच उरत नाही. स्पर्धात्मक वर्जनाचे तत्त्व इथे गृहीतक म्हणून आणावे लागत नाही, ते गुणाकारातून आपोआप बाहेर पडते. निबंधाच्या मध्यभागी ठेवायला याहून चांगली मांडणी मला माहीत नाही.

अशा स्थितीत जिंकतो तो अल्कोहोल जास्त सोसणारा. सॅकरोमायसिस थांबते 13.0 × 0.113 = 1.47 टक्क्यांवर, शायझोसॅकरोमायसिस 5.8 × 0.247 = 1.43 टक्क्यांवर. म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबाने सॅकरोमायसिस निसटते पुढे, तर वक्रावरून काढलेल्या गुणांकांच्या हिशेबाने शायझोसॅकरोमायसिस निसटते पुढे. दोन हिशेबांतला मुख्य फरक α12 चा: अपेक्षित 2.19, प्रत्यक्षात 3.15. अल्कोहोल सोडून आणखी काहीतरी सॅकरोमायसिसला दाबत होते, बहुधा दुसरी टाकाऊ द्रव्ये. α21 मात्र 0.46 च्या अगदी जवळ, 0.439 आहे. अपेक्षित आणि मोजलेल्या गुणांकांतली अशी तफावत ही माहितीच असते. ती कोणत्या दिशेने आहे ते पाहिले, की न मोजलेली यंत्रणा कोणाच्या विरुद्ध काम करते आहे ते कळते.

चौथी पायरी: दोन गोष्टी वेगळ्या करा

परिस्थितिकीतज्ज्ञ पीटर चेसन यांनी 2000 साली रूढ केलेली मांडणी आता निबंधात अपेक्षित असते. तिचा आशय असा: सहअस्तित्वाचा प्रश्न दोन भागांत मोडतो. एक, दोन जातींचे निश, म्हणजे जगण्यासाठी त्या वापरतात ती साधने आणि जागा, एकमेकांवर किती पडतात. दोन, त्या वातावरणात एक जाती दुसरीपेक्षा सरासरीने किती सरस आहे. पहिल्याला ρ म्हणू, दुसऱ्याला सरसतेचे गुणोत्तर. लोटका–व्होल्तेरा प्रतिमानात:

```
ρ = √(α12 × α21)
κ1/κ2 = (K1/K2) × √(α21/α12)
अट:  ρ < κ1/κ2 < 1/ρ
```

गाउझेच्या यीस्टसाठी ρ = √1.38 = 1.18, आणि सरसतेचे गुणोत्तर 2.24 × √0.139 = 0.84. सहअस्तित्वासाठी हे गुणोत्तर 1.18 हून मोठे आणि 0.85 हून लहान असायला हवे, म्हणजे अट मुळातच अशक्य. ρ एकाच्या वर गेला की मधल्या पट्ट्यात, इथे 0.85 ते 1.18 मध्ये, सुरुवातीची संख्या निकाल ठरवते. आपले 0.84 त्या पट्ट्याच्या उंबरठ्याबाहेर किंचित पडते. मघाचा काठ तोच आहे, फक्त दुसऱ्या चष्म्यातून.

या मांडणीचा उपयोग असा की ‘निशविभाजन झाले म्हणून सहअस्तित्व’ हे अर्धेच विधान आहे, हे दिसते. निशविभाजन ρ कमी करते, म्हणजे वाट रुंद करते. पण एक जाती फारच सरस असेल तर रुंद वाटही अपुरी पडते. K 100 आणि 40 वाले उदाहरण हेच होते: ρ = 0.5, म्हणजे वाट 0.5 ते 2, आणि गुणोत्तर 2.5.

पाचवी पायरी: निशविभाजन सिद्ध कसे करायचे

दोन जाती एकत्र आहेत, म्हणजे त्यांच्यात निशविभाजन झालेच असणार. शोधले की फरक सापडलाच, म्हणजे तत्त्व सिद्ध. हा वर्तुळाकार युक्तिवाद आहे. कोणत्याही दोन जातींत काही ना काही फरक सापडतोच. तो फरक स्पर्धा कमी करतो, हे दाखवावे लागते.

गाउझे यांचे पॅरामेशियम या एकपेशीय जिवावरचे प्रयोग इथे कामाला येतात. पॅरामेशियम ऑरेलिया आणि पॅरामेशियम कॉडेटम एकत्र ठेवल्यावर कॉडेटम संपले. पण कॉडेटम आणि पॅरामेशियम बर्सारिया एकत्र ठेवल्यावर दोघे टिकले. कॉडेटम वरच्या थरात तरंगणाऱ्या जिवाणूंवर जगत होते, बर्सारिया तळाशी बसलेल्या यीस्टवर. बर्सारियाच्या पेशीत हिरवे शैवाल सहजीवनात राहते. तळाशी ऑक्सिजन कमी असताना तिथे टिकायला त्याचा उपयोग होतो, त्यामुळे तळ ही त्याची हक्काची जागा झाली.

आता हे गुणांकांच्या भाषेत उतरवा. बर्सारियाची संख्या वाढली की तळाचे यीस्ट कमी होते, म्हणजे तोटा मुख्यतः बर्सारियाचाच. कॉडेटमची वाढ वरच्या जिवाणूंवर बंद होते. प्रत्येक जाती दुसरीपेक्षा स्वतःला जास्त रोखते, म्हणून दोन्ही गुणांक लहान, गुणाकार एकाखाली. तरी ते शून्य नव्हते, कारण एकत्र असताना दोघांचीही घनता एकटे असतानापेक्षा कमी भरली. ही शेवटची नोंद विसरू नका. घनता अजिबात घटली नसती, तर ते स्पर्धा असूनही टिकलेले सहअस्तित्व नसून स्पर्धाच नसलेली शेजारधर्माची स्थिती ठरली असती.

क्षेत्रातल्या उदाहरणांत आणखी एक चूक होते: आहारातील साम्य म्हणजे α असे धरणे. वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे यांच्या भक्ष्यांची तुलना आपल्याकडे निबंधांत आवडीने येते. पण चितळ भरपूर असतील तर त्यांतल्या दोघांनी चितळ खाल्ल्याने कोणाचीच वाढ रोखली जात नाही. साम्य मोठे, गुणांक लहान. उलट, वाघाच्या धाकाने बिबट्या एखादी जागाच सोडून गेला असेल, तर आहार वेगळा दिसेल आणि तरी परिणाम मोठा असेल. साम्य हे वापराचे माप आहे, α हे वाढीवरील परिणामाचे. एकातून दुसरे काढायचे तर साधनाचा तुटवडा खरोखर वाढ रोखतो आहे, याचा पुरावा लागतो. सर्वांत थेट पुरावा म्हणजे एक जाती कमी करून दुसरीची वाढ मोजणे. वाघांवर हे करता येत नाही, तेव्हा तसे लिहावे आणि दावा तेवढाच ठेवावा.

मर्यादा कुठे आणि कशा लिहायच्या

‘प्रतिमान वास्तव सोपे करते’ असे मोघम वाक्य शेवटी चिकटवू नका. कोणते गृहीतक मोडले की कोणता निष्कर्ष बदलतो, ते सांगा. यीस्टच्या बाबतीत मला दोन मुद्दे पुरेसे वाटतात. पहिला, समतोल. बंद नळीत अल्कोहोल साठले की वाढ थांबते, पण हरणारी जाती शून्यापर्यंत घसरेल एवढा वेळ आणि ऊर्जा तिथे उरत नाही. म्हणून यीस्टच्या प्रयोगात स्पर्धेचा पहिला टप्पा दिसतो, वर्जन दिसत नाही. ते दिसले पॅरामेशियममध्ये, जिथे अन्न वारंवार नवे मिळत होते. पहिल्या टप्प्यात r महत्त्वाचा असतो, त्यामुळे नळीत बहुसंख्य कोण आहे यावरून अंतिम विजेता सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा α स्थिर असण्याचा. प्रतिमान धरते की पहिल्या जिवाचा आणि हजाराव्या जिवाचा दाब सारखाच. विषारी द्रव्य साठत जाते तेव्हा थोड्या प्रमाणात परिणाम नगण्य आणि एका पातळीनंतर तीव्र असू शकतो. तसे असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनांवरून काढलेले α वेगळे येतील. ते वेगळे येतात का, हे पाहणे हीच या गृहीतकाची तपासणी. α बदलत असेल तर शून्यवाढीच्या रेषा, म्हणजे एखाद्या जातीची वाढ जिथे शून्य होते त्या N1 आणि N2 च्या जोड्यांच्या रेषा, सरळ न राहता वाकतात, आणि मग त्या एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदू शकतात.

आकृती काढणार असाल तर अक्षांवर N1 आणि N2 घ्या. जाती 1 ची शून्यवाढीची रेषा K1 पासून K1/α12 पर्यंत, जाती 2 ची K2 पासून K2/α21 पर्यंत. यीस्टसाठी N1 अक्षावर 13.0 आणि 13.2, N2 अक्षावर 4.1 आणि 5.8 हे बिंदू येतात. N1 अक्षावरचे दोन बिंदू जवळजवळ एकमेकांवर बसतात. आकृतीत त्यांच्याकडे बाण दाखवा, आणि मथळ्यात लिहा की विजेत्याचा निर्णय या दोन बिंदूंमधल्या अंतरावर अवलंबून आहे.